घटाला बसलेल्या माणसाचं पोट

आमच्या गावात देवीच्या देवळात घटाला बसायची रीत आहे. नवरात्राचे सगळे दिवस काही माणसं देवळातच राहतात, तिथंच झोपतात, दूध, केळी, भाजलेल्या शेंगा एवढ्यावर दिवस काढतात. घर, रान, जनावरं सगळं सोडून बसायचं. बाहेर पडायचं ते फक्त परसाकडं जायला, आणि जाऊन आलं की विहिरीच्या पाण्यानं डोक्यावरून अंघोळ करून ओल्या पंचानंच आपल्या जागेवर यायचं. एरवी दिवसातनं एखाद्या वेळचा प्रश्न असतो, त्यामुळं या नियमाचं कुणाला काही वाटत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, फौजेतनं पेन्शन घेऊन आले त्या वर्षापासून बसतात. मी शिरवळच्या एका कंपनीत पॅकिंगच्या विभागावर देखरेख करते. यंत्रांच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय लागलेली आहे, आणि घरचे म्हणतात की ती सवय कंपनीनं लावली नाही, ती मी जन्मताना घेऊन आले. असेल. नवरात्रात मी चार दिवस माहेरी, पलूसजवळच्या आमच्या गावी, येते. त्या वर्षी आले तेव्हा आई दारातच म्हणाली, “आबास्नी लय जुलाब लागल्यात.”

मी देवळात गेले. आबा खांबाला टेकून बसले होते, केस ओले. मी बघत होते तोवर ते उठले, गेले, आले, विहिरीवर दोन बादल्या ओतून घेतल्या आणि कुडकुडत बसले. थोड्या वेळानं परत तेच. त्यांच्या बाजूला बसलेले तात्या, म्हणजे माझे चुलते, मला म्हणाले, “दिवसभर हेच चाललंय बघ. नुसतं पाणी. आन् वास असा की आमी नाकाला धरून बसतोय.”

कशानं झालं यावर देवळात ज्याचं त्याचं मत तयार होतं. शेंगा खवट होत्या. दूध म्हशीचं होतं, गाईचं पाहिजे होतं. केळी औषध मारून पिकवलेली. एकानं सांगितलं की गार पाण्याच्या अंघोळीनं पोटात वारं धरतं. मी म्हटलं, जुलाब आधी लागले आणि अंघोळी नंतर सुरू झाल्या, मग अंघोळीनं जुलाब कसे लागतील? यावर सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की मीच देवीचा काहीतरी अपमान केला. शेंगा, दूध, केळी सगळ्यांनीच खाल्ली होती. बाकीचे ठणठणीत आणि एकटे आबा पिळवटून निघालेले. मला काही समजेना, आणि समजलं नाही की मी चिडते.

“आबा, दवाखान्यात चला.”

“कशाला? हुतंय बंद.”

“ताप हाय का?”

“अंग जरा कसकसतंय. अंघोळीनं असंल.”

दुसऱ्या दिवशी मी गेले तर आबा शांत बसलेले. केस कोरडे. आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा बरं वाटल्याची खूण दिसली. तात्या म्हणाले, “थांबलं बघ. फौजी माणूस हाय गड्या, औषध बरुबर घिऊन आलेला.” आबांनी कनवटीची पाकिटं दाखवली. जुलाब बंद व्हायच्या गोळ्या. फौजेत असताना लांबच्या गाडीप्रवासाला निघायच्या आधी कुणाचं पोट बिघडलं की अशी गोळी देत, गाडी मधेच थांबवता येत नसे म्हणून. तीच सवय. एक गोळी घेऊन भागलं नाही तर आणखी एक, मग आणखी. आबांना देवळातनं उठून गाडी थांबवायची नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

मलाही बरं वाटलं. का वाटू नये? जुलाब हा आजार, जुलाब थांबले म्हणजे आजार गेला. इतकं सरळ आहे असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही अधूनमधून वाटतं.

पण आबा दूध घेईनात. केळं हातात धरून बसले आणि तसंच परत ठेवलं. त्यांचं पोट पंचावर टम्म दिसायला लागलं. मी विचारलं तर म्हणाले, “वारा सरंना झालाय.” कपाळाला हात लावला तर चटका बसला. आईनं पोटाला हात लावला आणि पटकन मागं घेतला. “डफागत झालंय गं,” ती माझ्या कानात म्हणाली. जुलाब थांबलेत, मग माणूस बरा दिसायला हवा ना? हा तर कालच्यापेक्षा वाईट दिसत होता.

मी गावातल्या डॉक्टरांना देवळात घेऊन आले. बाहेर चपला काढून, हात जोडून ते आबांजवळ बसले. नाडी बघितली, पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग दाबलं, तसे आबा दात खाऊन कळवळले.

“कधीपासून शौच नाही?”

“गोळ्या घिटल्यापास्नं,” आबा म्हणाले. आवाजात जरा अभिमान होता.

डॉक्टरांनी गोळ्या हातात घेतल्या आणि त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी विचारलं, “त्याच्या आधी दुसरं कुठलं औषध चाललं होतं का? महिनाभरात, दीड महिन्यात?”

आम्ही सगळ्यांनी नाही म्हटलं. आई म्हणाली, “न्हाई वो. ब्लडप्रेशरची बी गोळी न्हाई त्यास्नी.” तात्यांनी शेंगांचं सांगायला सुरुवात केली. डॉक्टरांनी हातानं थांबवलं आणि परत तेच विचारलं. तेव्हा आबांनीच गालाला हात लावला. “दाढ सुजलेली. पर ते बरं झालं की घट बसायच्या आदी. गोळ्या बी संपवल्या.”

गोळ्या संपवल्या, पूर्ण संपवल्या, एक सोडली नाही. पॅकेट आईनं घरून आणलं. आबांना पेनिसिलिन चालत नाही, फौजेच्या दवाखान्यात एकदा अंगभर गांध्या उठून श्वास अडकला होता, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं होतं. क्लिंडामायसीन. गावातल्या डॉक्टरांनी ते नाव वाचलं आणि उठून उभे राहिले.

“आत्ताच्या आत्ता सांगलीला न्या. आणि ती बंद व्हायची गोळी आता एकही द्यायची नाही.”

“दाढेच्या औषदाचा आन् पोटाचा काय संबंद?” तात्यांनी विचारलं. माझ्याही मनात तेच होतं. दाढ बरी झाली, औषध संपलं, त्यानंतर आठवड्यानं जुलाब. मला हे म्हणजे गेल्या साली लावलेल्या उसाचा यंदाच्या पावसाशी संबंध जोडल्यागत वाटलं.

आणि आबा उठेनात.

त्यांनी सांगून टाकलं की घट उठेपर्यंत जागा सोडायची नाही. मी ओरडले. देवळात ओरडले, बायका बघायला लागल्या. मी म्हटलं, “आबा, तुमी मरचाल इथं.” त्यांनी डोळे मिटून घेतले. डॉक्टर म्हणाले, तात्या म्हणाले, पुजारी म्हणाले. आबा फक्त मान हलवत राहिले, आणि प्रत्येक वेळी मान हलवायला त्यांना आधीपेक्षा जास्त वेळ लागत होता. ते देवीला घाबरत होते की लोकांना, की नुसता हट्ट होता, मला आजही नक्की सांगता येत नाही.

मग आई पुढं आली. पॅकेट आणून दिल्यापासून ती उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. ती आबांना म्हणाली, “आवं, तुमी उठा. तुमच्या जाग्यावर मी बसते.”

आमच्या देवळात बाई घटाला बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं, पण बसू नये असं कुणी कधी म्हटल्याचंही आठवत नव्हतं. पुजाऱ्यानं तात्यांकडं बघितलं, तात्यांनी खांबाकडं. आई कुणाच्या परवानगीसाठी थांबली नाही. विहिरीवर गेली, लुगड्यासकट अंघोळ केली आणि निथळत आबांच्या शेजारी येऊन उभी राहिली. जागा मोकळी झाल्याशिवाय तिला बसता येईना. आबांनी तिच्याकडं बघितलं आणि हात वर केला, मी आणि तात्यांनी धरून उठवलं. ज्या माणसाच्या उशाशी तिला बसायचं होतं त्याला दवाखान्यात धाडायला ती स्वतः देवळात अडकून बसली. मला तेव्हा तिचा रागही आला आणि भरूनही आलं, आणि आबांना गाडीत आडवं करून मी सांगलीची वाट धरली.

सांगलीच्या दवाखान्यात एक डॉक्टरबाई होत्या, माझ्याच वयाच्या. रक्त घेतलं, पोटाचा फोटो काढला, हाताला सलाईन लावलं. मग मला म्हणाल्या, “शौच तपासायला पाठवायचंय. थोडं मिळेल का?”

काल दिवसभर देवळात नुसता पूर आला होता, कुणाला नको होतं. आता मागतायत तर थेंब नाही.

“ते तर थांबलंय,” मी म्हटलं.

“थांबलेलं नाही. अडकलंय.” त्यांनी फोटो उजेडाला धरला. मला त्यात काही कळलं नाही, फक्त मोठ्या काळ्या जागा दिसल्या. त्या म्हणाल्या, हे मोठं आतडं आहे आणि ते फुगलंय.

मी म्हटलं, मला समजेल असं सांगा, मी गोंधळून गेलेय. त्यांनी सांगितलं. आतड्यात चांगले जंतू असतात, त्यांच्या गर्दीत वाईट जंतूंना जागा मिळत नाही. दाढेचं औषध दाढेपुरतं राहत नाही, ते आतड्यातल्या चांगल्या जंतूंनाही मारतं. एक वाईट जंतू मात्र असा आहे की तो बीसारखा टणक होऊन तग धरतो, आणि मोकळं रान मिळालं की माजतो. औषध चालू असताना माजेल किंवा संपल्यावर काही आठवड्यांनी. तो विष सोडतो. त्या विषानं आतडं सुजतं आणि पाण्यासारखे जुलाब होतात.

“मग जुलाब बंद केले ते बरंच केलं की,” मी म्हटलं.

“जुलाबाबरोबर विष बाहेर पडत होतं. गोळीनं आतड्याची हालचाल थांबली. विष आत राहिलं, आतडं लुळं पडायला लागलं, फुगायला लागलं. फार फुगलं तर फुटतं.”

आतडं फुटतं हे शब्द त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी परत विचारलं, त्यांनी परत सांगितलं. ऑपरेशनच्या डॉक्टरांना त्यांनी बोलावून ठेवलं होतं. सूज वाढत गेली तर मोठं आतडं काढून टाकावं लागेल, हेही सांगितलं.

मी दातांच्या डॉक्टरांवर घसरले. फोन लावून त्यांचा उद्धार करायच्या बेतात होते. बाई म्हणाल्या, “त्यांचं औषध चुकीचं नव्हतं. पेनिसिलिन चालत नाही म्हटल्यावर दुसरं काहीतरी द्यावंच लागतं. असलं बऱ्याच अँटिबायोटिकनं होऊ शकतं, यानं जरा जास्त. आणि अँटिबायोटिकनंतर थोडं पातळ होणं तर खूप जणांना होतं, औषध थांबलं की ते आपोआप जातं. पण असं पाण्यासारखं, परत परत, वर ताप आणि पोटात कळा, म्हटलं की आधी तपासायचं. बंद व्हायची गोळी काही विष नाही. ती तपासायच्या आधी घ्यायची नाही, एवढंच.”

एवढंच. माझा राग घेऊन मी कुठं जाणार होते? दातांचा डॉक्टर बरोबर, दाढेचं औषध बरोबर, फौजेची गोळीसुद्धा आपल्या जागी बरोबर, आणि आबा खाटेवर.

पुढं जे उपचार झाले त्यानं माझ्या डोक्यात आणखी कालवाकालव झाली. अँटिबायोटिकनं झालेल्या आजाराला औषध काय, तर दुसरं अँटिबायोटिक. नर्सनं इंजेक्शनची बाटली फोडली, पूड पाण्यात विरघळवली, आणि सुई न लावता नाकातनं पोटात घातलेल्या नळीत सोडली. मी म्हटलं, “बाई, ते इंजेक्शन आहे.” ती म्हणाली, माहीत आहे. हे शिरेतनं दिलं तर मोठ्या आतड्यापर्यंत पोचत नाही, म्हणून पोटातनं द्यायचं. आतडं हलत नाही म्हणून खालूनही दिलं. आणि दुसरं एक औषध मात्र शिरेतनंच. मी मान हलवली. मला फक्त एवढं समजलं की या लोकांना समजलेलं आहे.

मी पर्समधून हाताला लावायची सॅनिटायझरची बाटली काढली तर नर्सनं तीही परत आत ठेवायला लावली. या जंतूचं बी त्यानं मरत नाही, साबण लावून नळाखाली हात धुवा. करोनात आम्ही ज्या बाटलीवर दोन वर्षं भरवसा टाकला ती इथं कामाची नाही. मी जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, आणि धुताधुता पहिल्यांदा रडले.

देवळातनं फोन यायचा तो तात्यांच्या फोनवरनं, पण बोलायची आई. “झालं का गं?” एवढंच विचारायची. काय झालं का, ते आम्हा दोघींना माहीत होतं. मी म्हणायचे, न्हाई. मागनं कुणीतरी विचारलेलं ऐकू यायचं, “काय म्हनती?” आणि आई सांगायची, “न्हाई अजून.” अख्खं देऊळ आबांच्या परसाकडची वाट बघत बसलं होतं. ज्या गोष्टीला चार दिवसांपूर्वी सगळ्यांनी नाकं धरली होती तिचीच.

आबांची अवस्था मला बघवत नव्हती. ते मला ओळखायचे, मग मधेच फौजेतल्या कुणाला तरी हाक मारायचे. पोटाचा घेर नर्स टेपनं मोजायची. फोटो परत काढला. ऑपरेशनचे डॉक्टर आले, पोटावर बोटं ठेवून बघितलं आणि निघाले. मी त्यांच्या मागं बोळात धावले. ते म्हणाले, “आज थांबू. वाढलं नाहीये.” वाढलं नाही म्हणजे कमी झालं का? ते म्हणाले, नाही, वाढलं नाही. मला त्या उत्तराचं काय करायचं कळेना, पण दिवसभर मी तेच घोकत बसले.

आणि मग सकाळी, नर्स चादर बदलायला आली तर आबांनी तिचा हात धरला आणि पुटपुटले, “बाई, लाज वाटतीया. घाण झाली.”

पाण्यासारखं. तोच वास. मी देवळात नाक दाबलं होतं तोच. नर्स म्हणाली, “आजोबा, लाज कसली, आम्ही याचीच वाट बघतोय,” आणि तपासायला घेऊन गेली. मी आईला फोन लावला. तात्यांनी उचलला. मी बोळात उभी राहून कंपनीतल्या आवाजात ओरडले, “झालं! आबास्नी जुलाब झालं!” बाकावरची माणसं माना वळवून बघायला लागली. फोनमधून देवळाची घंटा ऐकू आली. कुणी वाजवली ते मला कधीच कळलं नाही.

तपासणीत तोच जंतू निघाला. पोट हळूहळू उतरलं, ऑपरेशन टळलं. आबा पातळ पेज प्यायले तेव्हा घट उठले होते. घट उठल्या उठल्या आई सांगलीला आली. आबांच्या पायथ्याशी बसली आणि त्यांना म्हणाली, “बसले बरं का मी शेवटपातुर.” आबा म्हणाले, “अंघुळी किती झाल्या?” यावर दोघं हसली. मी हसले नाही. मला अजून बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मिळायची होती.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी सांगितलं की हे काही जणांना परत होतं. पुन्हा तसं पाणी सुरू झालं तर गोळी घेऊन वाट बघत बसायचं नाही, सरळ यायचं, आणि पुढं कधी कुठलंही अँटिबायोटिक घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना हे सगळं सांगायचं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. आबा सगळं ऐकून घेतात आणि मग आपल्याला पाहिजे तेच करतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी घरी गेल्यावर कपाटातल्या सगळ्या बंद व्हायच्या गोळ्या काढून टाकल्या. त्या गावातल्या दुकानात परत मिळतात हेही मला माहीत होतं.

ते दुसऱ्या खेपेलाही बरे झाले, हे इथंच सांगून टाकते, वाचणाऱ्याला टांगून ठेवायची मला हौस नाही. दिवाळी होऊन गेली होती. रानात उसाच्या तोडी सुरू झाल्या होत्या. मी कंपनीत लाइनवर होते आणि फोन वाजला. आबांचा. आबा मला कधी फोन करत नाहीत. फोन आई लावते आणि शेवटी त्यांच्या कानाला लावते, ते “बरं हाय” म्हणतात आणि परत देतात. मी यंत्रांपासून लांब जाऊन उभी राहिले.

“पोरी.”

“आबा? काय झालं?”

फौजेत आयुष्य काढलेला, विहिरीच्या पाण्यात दिवसभर कुडकुडूनही जागा न सोडणारा माणूस पलीकडं होता.

“परत पाणी व्हायला लागलंय. मी गोळी घिटली न्हाई,” ते म्हणाले. मग आवाज अगदी बारीक झाला. “मला भ्या वाटतंया. तू ये.”

मी हळू आवाजात म्हटलं, “आले आबा, निघाले,” आणि गाडीकडं गेले.